आभासी वास्तवातील स्टिरिओ रेंडरिंग

स्टिरिओ रेंडरिंग म्हणजे एकाच त्रिमितीय दृश्याच्या, डाव्या व उजव्या डोळ्यांसाठी, दोन किंचित भिन्न प्रतिमा संगणकाद्वारे तयार करण्याची प्रक्रिया होय. आभासी वास्तवाच्या हेडसेटमध्ये या दोन प्रतिमा प्रत्येक डोळ्यासमोरील भिंगातून स्वतंत्रपणे दाखवल्या जातात आणि मेंदू त्यांतून खोलीची जाणीव निर्माण करतो. दोन डोळ्यांना दोन चित्रे दाखवून खोलीचा भास घडवता येतो हे चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ मध्ये आपल्या स्टिरिओस्कोपच्या साहाय्याने दाखवून दिले होते. हेडसेटमध्ये मात्र चित्र स्थिर नसते. डोके वळताच दोन्ही प्रतिमा नव्याने काढाव्या लागतात, आणि त्याही सेकंदाला ९० वेळा किंवा त्याच्या आसपास. ही गती टिकवण्यासाठी प्रामुख्याने दोन तंत्रे वापरली जातात : सिंगल-पास इन्स्टन्सिंग आणि रिप्रोजेक्शन म्हणजेच पुनर्प्रक्षेपण. दोन्हींचा उल्लेख बहुधा एकत्र होत असला, तरी ती दोन वेगळ्या अडचणींवरील उपाय आहेत. पहिले तंत्र फ्रेम वेळेत तयार व्हावी म्हणून असते. दुसरे, ती वेळेत तयार झाली नाही तरी पाहणाऱ्याला त्याचा त्रास होऊ नये म्हणून.

## वेळेचे बंधन

मार्च २०१६ मध्ये विक्रीस आलेला ऑक्युलस रिफ्ट हा हेडसेट या विषयाच्या अभ्यासासाठी सोयीचे उदाहरण आहे. त्यात प्रत्येक डोळ्यासाठी १०८० × १२०० पिक्सेलचा पडदा असून तो सेकंदाला ९० वेळा नव्याने उजळतो. म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी सुमारे ११.१ मिलिसेकंद मिळतात. वापरकर्त्याच्या हालचालीची नोंद, खेळाचे किंवा कार्यक्रमाचे अंतर्गत गणित, दोन्ही प्रतिमांचे रेखाटन आणि भिंगामुळे होणाऱ्या वक्रतेची भरपाई ही सर्व कामे याच अवधीत उरकावी लागतात.

साध्या संगणकाच्या पडद्यावर एखादी फ्रेम उशिरा आली तर चित्र क्षणभर अडखळते, एवढेच. हेडसेटमध्ये परिणाम अधिक गंभीर असतो, कारण तेथे पडदा डोक्याला बांधलेला असतो. एखाद्या व्यक्तीने सेकंदाला १०० अंश या गतीने मान वळवली, तर ११.१ मिलिसेकंदांत डोके सुमारे १.१ अंश फिरते. रिफ्टमध्ये एका अंशात ढोबळमानाने १२ पिक्सेल सामावतात. नवी फ्रेम आली नाही आणि जुनीच पुन्हा दाखवली गेली, तर संपूर्ण जग सुमारे १३ पिक्सेलांइतके डोक्यासोबत सरकते आणि पुढच्या फ्रेमला झटक्याने मागे येते. असे वारंवार झाले की भोवतालचे जग थरथरल्यासारखे दिसते. आतल्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा एक हालचाल सांगत असते आणि डोळे दुसरीच. या विसंगतीमुळे अनेकांना मळमळ व चक्कर येते. प्रवासात गाडी लागते त्याच जातीचा हा त्रास आहे.

## दोनदा रेखाटण्याची किंमत

दोन प्रतिमा काढण्याची सर्वांत सरळ पद्धत म्हणजे संपूर्ण दृश्य आधी डाव्या डोळ्यासाठी आणि मग पुन्हा उजव्या डोळ्यासाठी रेखाटणे. तिला मल्टी-पास म्हणतात. ती लिहिण्यास सोपी आणि चुकण्यास अवघड असल्याने आजही वापरात आहे. तिचा भार नेमका कोठे पडतो हे समजण्यासाठी मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्स प्रोसेसर यांच्यातील श्रमविभागणी लक्षात घ्यावी लागते.

मुख्य प्रोसेसर स्वतः चित्र काढत नाही. तो प्रत्येक वस्तूसाठी ‘ही आकृती, या रंगद्रव्याने, या जागी काढ’ अशी आज्ञा तयार करून ग्राफिक्स प्रोसेसरकडे पाठवतो. या आज्ञेला ड्रॉ कॉल म्हणतात. आज्ञा पाठवण्यापूर्वी शेडर, टेक्श्चर, स्थानाचे आकडे अशी बरीच जुळवाजुळव करावी लागते. त्यामुळे एखादी छोटीशी वस्तू काढण्यापेक्षा ती काढायला सांगण्यातच अधिक वेळ जाणे अगदी शक्य असते.

गणितासाठी एक कल्पित दृश्य घेऊ. त्यात ४०० वस्तू आहेत, प्रत्येक ड्रॉ कॉलला मुख्य प्रोसेसरचे ०.०१ मिलिसेकंद लागतात, आणि इतर सर्व कामांना मिळून ५ मिलिसेकंद लागतात असे धरू. मल्टी-पास पद्धतीत ८०० ड्रॉ कॉल होतील, त्यांना ८ मिलिसेकंद लागतील आणि एकूण बेरीज १३ मिलिसेकंद होईल. मर्यादा ११.१ ची आहे. फ्रेम केवळ १.९ मिलिसेकंदांनी उशिरा येते, पण पडदा तिच्यासाठी थांबत नाही. तिला पुढच्या उजळण्याची वाट पाहावी लागते. मुख्य प्रोसेसरने प्रत्येक फ्रेमचे काम पडदा उजळल्यावरच सुरू केले, तर ९० ऐवजी सेकंदाला ४५ फ्रेम मिळू लागतात. थोडक्यात हुकलेली वेळ निम्मी गती हिरावून घेते.

## सिंगल-पास इन्स्टन्सिंग

इन्स्टन्सिंग ही ग्राफिक्स प्रोसेसरची जुनी सोय आहे. एकच आकृती अनेक ठिकाणी काढायची असेल, उदाहरणार्थ जंगलातील झाडे, तर एकाच ड्रॉ कॉलमध्ये ‘ही आकृती इतक्या वेळा काढ’ असे सांगता येते. प्रत्येक प्रतीला एक क्रमांक मिळतो आणि त्यावरून शेडर तिची जागा ठरवतो. सिंगल-पास इन्स्टन्सिंगमध्ये हीच सोय डोळ्यांसाठी वापरली जाते. प्रत्येक वस्तू दोन प्रतींत मागवली जाते. सम क्रमांकाची प्रत डाव्या डोळ्याची आणि विषम क्रमांकाची उजव्या डोळ्याची. शेडर क्रमांक पाहून त्या डोळ्याचा दृष्टिकोन-मॅट्रिक्स निवडतो आणि प्रत योग्य प्रतिमेकडे पाठवतो. त्यासाठी दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमा एकाच टेक्श्चर-मालिकेचे दोन थर म्हणून ठेवल्या जातात.

कार्बन कागद घालून एका लेखणीने दोन प्रती काढण्याशी या पद्धतीची तुलना करता येईल. फरक इतकाच की येथे दुसरी प्रत हुबेहूब नसून किंचित बाजूने पाहिलेली असते.

वरील उदाहरणात आता ४०० च ड्रॉ कॉल लागतात. त्यांचा वेळ ४ मिलिसेकंद, इतर कामे ५, एकूण ९ मिलिसेकंद. फ्रेम मर्यादेत बसते. याशिवाय दृष्टीच्या टप्प्याबाहेरील वस्तू वगळण्याचे कामही दोनऐवजी एकदाच होते. दोन्ही डोळ्यांची दृश्यक्षेत्रे सामावून घेणारे एक मोठे क्षेत्र कल्पून त्याबाहेरील सर्व काही टाकून दिले जाते.

हीच कल्पना इतर नावांनीही आढळते. मोबाइल चिपवर चालणाऱ्या हेडसेटमध्ये `GL_OVR_multiview` हा विस्तार आणि व्हल्कनमध्ये `VK_KHR_multiview` वापरला जातो. तेथे प्रतींची मोजणी कार्यक्रमाला करावी लागत नाही, ड्रायव्हरच ती सांभाळतो.

### मर्यादा

या तंत्राबाबत एक गैरसमज वारंवार आढळतो : एकाच फेरीत दोन्ही प्रतिमा निघतात, म्हणजे एकूण काम निम्मे होते. तसे होत नाही. निम्मे होते ते आज्ञा तयार करण्याचे काम. ग्राफिक्स प्रोसेसरला प्रत्येक पिक्सेलचा रंग दोन्ही प्रतिमांत मोजावाच लागतो, आणि हे ओझे मोठे असते. भिंगाच्या वक्रतेची भरपाई करताना प्रतिमेचा मध्यभाग ताणला जातो. तेथे तपशील कमी पडू नये म्हणून प्रतिमा पडद्यापेक्षा मोठ्या काढतात. त्याच वर्षीच्या एचटीसी व्हाइव्ह या समकक्ष हेडसेटसाठी प्रत्येक डोळ्याला १५१२ × १६८० पिक्सेलची प्रतिमा अपेक्षित होती. दोन डोळे आणि ९० फ्रेम धरल्यास सेकंदाला सुमारे ४५.७ कोटी पिक्सेल होतात. या संख्येतील एकही पिक्सेल सिंगल-पासमुळे कमी होत नाही.

म्हणून हे तंत्र वापरण्यापूर्वी अडचण कोणत्या बाजूची आहे हे तपासणे शहाणपणाचे ठरते. त्याची एक सोपी चाचणी आहे. प्रतिमांचे रिझोल्यूशन तात्पुरते निम्मे करून फ्रेमला लागणारा वेळ मोजावा. वेळ लक्षणीयरीत्या कमी झाला तर भार पिक्सेलांचा आहे आणि सिंगल-पासचा फारसा लाभ होणार नाही. वेळ जवळजवळ तेवढाच राहिला तर बहुधा भार मुख्य प्रोसेसरवर आहे आणि लाभ होण्याची शक्यता मोठी आहे.

### शेडरमधील त्रुटी

सिंगल-पासकडे वळताना सर्वाधिक घोटाळे शेडरमध्ये होतात, कारण आता प्रत्येक शेडरला ‘आपण कोणत्या डोळ्यासाठी काम करत आहोत’ हे माहीत असावे लागते. युनिटी या प्रणालीत त्यासाठी तयार मॅक्रो आहेत. शिरोबिंदूंवर काम करणाऱ्या भागात ते असे येतात :

```hlsl
v2f vert (appdata v)
{
    v2f o;
    UNITY_SETUP_INSTANCE_ID(v);
    UNITY_INITIALIZE_OUTPUT(v2f, o);
    UNITY_INITIALIZE_VERTEX_OUTPUT_STEREO(o);
    o.vertex = UnityObjectToClipPos(v.vertex);
    o.uv = v.uv;
    return o;
}
```

पहिला मॅक्रो प्रतीच्या क्रमांकावरून डोळा ठरवतो, तर `UNITY_INITIALIZE_VERTEX_OUTPUT_STEREO` ती प्रत त्या डोळ्याच्या थराकडे पाठवतो. त्यांच्या जोडीला `appdata` या रचनेत `UNITY_VERTEX_INPUT_INSTANCE_ID` आणि `v2f` मध्ये `UNITY_VERTEX_OUTPUT_STEREO` घालावे लागते. हे राहून गेल्यास दोन्ही प्रती पहिल्याच थरात जातात आणि ती वस्तू केवळ डाव्या डोळ्याला दिसते.

ही त्रुटी संगणकाच्या पडद्यावर सहज निसटते, कारण तेथे बहुधा एकाच डोळ्याची प्रतिमा दाखवली जाते. हेडसेटमध्येही ती प्रत्येक वेळी लगेच ओळखू येत नाही. वस्तू ‘दिसते’, पण चकचकल्यासारखी, अर्धपारदर्शक, आणि थोड्या वेळाने डोके दुखू लागते. दोन डोळ्यांना न जुळणारी चित्रे मिळाल्यावर मेंदू आळीपाळीने एकेक निवडतो, त्याचा हा परिणाम. एकेक डोळा मिटून पाहणे हीच येथील सर्वांत भरवशाची तपासणी आहे. संपूर्ण प्रतिमेवर शेवटी केल्या जाणाऱ्या प्रक्रियांत, उदाहरणार्थ रंगसंस्करणात, याच्या नेमका उलट दोष आढळतो. पिक्सेल-शेडरमध्ये `UNITY_SETUP_STEREO_EYE_INDEX_POST_VERTEX` विसरल्यास दोन्ही डोळ्यांना डावीच प्रतिमा मिळते आणि जग एकाएकी सपाट वाटू लागते.

## रिप्रोजेक्शन

सर्व काटकसर करूनही एखादी फ्रेम उशिरा येणारच. दार उघडताच समोर गर्दीचे दृश्य येते, किंवा पार्श्वभूमीवर दुसरा एखादा कार्यक्रम प्रोसेसर व्यापतो. अशा वेळी जुनी फ्रेम जशीच्या तशी दाखवण्याऐवजी ती डोक्याच्या ताज्या स्थितीनुसार सरकवून दाखवणे, हे रिप्रोजेक्शनचे मूळ सूत्र आहे.

तयार प्रतिमा नव्या दृष्टिकोनातून वळवण्याचा विचार हेडसेटच्या आधीचा आहे. विल्यम मार्क, लिओनार्ड मॅकमिलन आणि गॅरी बिशप यांनी १९९७ मध्ये या विषयावर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. जॉन कारमॅक यांनी २०१३ मध्ये विलंब कमी करण्याच्या उपायांवरील लेखात ही कल्पना हेडसेटच्या संदर्भात मांडली. तिला टाइमवॉर्प हे नाव रूढ झाले. कार्यक्रमापासून स्वतंत्र चालणारी तिची आवृत्ती, असिंक्रोनस टाइमवॉर्प, आधी सॅमसंग गिअर व्हीआरवर आणि २०१६ मध्ये रिफ्टसोबत संगणकावर आली.

‘स्वतंत्र’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पडदा उजळण्याच्या किंचित आधी कंपोझिटर नावाची वेगळी प्रक्रिया जागी होते, हाती असलेली सर्वांत अलीकडची प्रतिमा घेते, डोक्याची त्या क्षणीची दिशा वाचते, आणि प्रतिमा काढली तेव्हाच्या दिशेशी तुलना करून फरकाइतकी ती फिरवते. कार्यक्रमाची फ्रेम आली असो वा नसो, हे काम प्रत्येक उजळण्याला होते. त्यासाठी ग्राफिक्स प्रोसेसरने हातातील काम मध्येच थांबवून कंपोझिटरला वाट द्यावी लागते. एखादा फार लांबलेला ड्रॉ कॉल मध्येच थांबवता आला नाही, तर टाइमवॉर्पचीच वेळ हुकते आणि मग वाचवणारे कोणी उरत नाही.

### फिरवणे आणि सरकणे यांतील फरक

केवळ डोके फिरल्याची भरपाई करणे सोपे असते. डोळा आपल्या जागीच फिरला तर जवळच्या आणि दूरच्या सर्व वस्तू सारख्याच कोनातून सरकतात, त्यामुळे वस्तू किती दूर आहेत हे माहीत नसले तरी प्रतिमा अचूक फिरवता येते. मात्र माणसाचे डोके डोळ्यांभोवती नव्हे, मानेभोवती फिरते. मान वळते तेव्हा डोळे थोडे बाजूलाही जातात.

हा दोष किती मोठा, हे आधीच्याच आकड्यांवरून काढता येते. मानेचा अक्ष डोळ्यांच्या सुमारे १० सेंटिमीटर मागे आहे असे धरल्यास १.१ अंश वळताना डोळे जवळपास २ मिलिमीटर सरकतात. पाच मीटरवरील भिंतीच्या बाबतीत हा फरक एका पिक्सेलहूनही कमी भरतो. पण चेहऱ्यापासून ३० सेंटिमीटरवर धरलेल्या वस्तूच्या बाबतीत तो सुमारे ०.४ अंश, म्हणजे चार-पाच पिक्सेल होतो. म्हणूनच केवळ फिरवणाऱ्या रिप्रोजेक्शनमध्ये दूरचा देखावा स्थिर राहतो आणि हातातील वस्तू मात्र थरथरते. वापरकर्ता पाऊल टाकून पुढे सरकला की हा दोष आणखी वाढतो.

सरकण्याचीही भरपाई करायची तर प्रत्येक पिक्सेलची खोली ठाऊक असावी लागते. ही माहिती चित्र काढताना तयार होतेच, पण कार्यक्रमाने ती कंपोझिटरला सोपवावी लागते. खोली मिळाली तरी एक अडचण उरते. डोळा बाजूला गेल्यावर आधी खांबामागे दडलेला भिंतीचा पट्टा दिसायला हवा. जुन्या प्रतिमेत तो पट्टा नाहीच. ती पोकळी आजूबाजूचे रंग ताणून भरली जाते आणि खांबाच्या कडेला रबरासारखी ओढलेली किनार दिसते. प्रतिमेच्या बाहेरील कडेचेही असेच : कार्यक्रम दीर्घकाळ अडकला आणि वापरकर्त्याने मान वळवली, तर बाजूने काळी पाचर आत शिरते, कारण तेथे दाखवायला काहीच काढलेले नसते.

### हलत्या वस्तू आणि दुहेरी कडा

रिप्रोजेक्शन डोक्याच्या हालचालीची भरपाई करते. जगातील वस्तूंच्या हालचालीची नाही. कार्यक्रम सेकंदाला ४५ फ्रेम देत असेल आणि पडदा ९० वेळा उजळत असेल, तर प्रत्येक फ्रेम दोनदा दिसते. समोरून जाणारा चेंडू दोन्ही वेळा एकाच जागी असतो, पण त्याचा पाठलाग करणारा डोळा दरम्यान पुढे गेलेला असतो. त्यामुळे दुसरा ठसा डोळ्याच्या पडद्यावर मागे उमटतो आणि एका चेंडूचे दोन दिसतात. चेंडू सेकंदाला ४० अंश गतीने जात असल्यास दोन ठशांतील अंतर सुमारे ०.४४ अंश, म्हणजे पाच पिक्सेल भरते. जग स्थिर आणि हलत्या वस्तू दुहेरी, ही कार्यक्रम निम्म्या गतीवर गेल्याची सर्वांत खात्रीची खूण आहे.

यावर ऑक्युलसने २०१६ च्या अखेरीस असिंक्रोनस स्पेसवॉर्प आणले. त्यात लागोपाठच्या दोन फ्रेमची तुलना करून कोणता भाग कोणत्या दिशेने सरकत आहे याचा अंदाज बांधला जातो आणि मधली फ्रेम कल्पनेने तयार केली जाते. ही तुलना करण्यासाठी व्हिडिओ संकुचित करणारे हार्डवेअर उपयोगी पडले, कारण हालचाल शोधणे हा त्याचा मूळचाच व्यवसाय. या सुविधेच्या आधारावर कंपनीने रिफ्टसाठी लागणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची किमान अट जीटीएक्स ९७० वरून ९६० वर आणली.

अंदाज चुकतो तेथे चित्र चुकते. जाळी, कुंपण, जिना अशा पुनरावृत्ती असलेल्या आकृत्यांत कोणती गज कोठे गेली हे ठरवता येत नाही आणि त्या लहरींसारख्या वितळतात. काचेतून दिसणाऱ्या वस्तू, प्रतिबिंबे आणि अचानक बदलणारा प्रकाश यांबाबतही असेच घडते, कारण तेथे एकाच पिक्सेलमध्ये दोन वेगळ्या हालचाली मिसळलेल्या असतात. सोनीच्या प्लेस्टेशन व्हीआरने ऑक्टोबर २०१६ पासून वेगळी वाट धरली होती. त्याचा पडदा १२० वेळा उजळू शकत असे आणि अनेक खेळ मुळातच ६० फ्रेमसाठी बनवून रिप्रोजेक्शनने दुप्पट केले जात. म्हणजे तेथे हा आपत्कालीन उपाय नसून नेहमीचा शिरस्ता होता.

### मोजमाप वाचताना

रिप्रोजेक्शन सुरू असताना ‘फ्रेम रेट ९०’ या आकड्याला दोन अर्थ असू शकतात. कंपोझिटर ९० चित्रे दाखवत असतो हे खरे, पण कार्यक्रम त्यांतील ४५ च काढत असेल. ऑक्युलसच्या तपासणी साधनात कार्यक्रमाच्या हुकलेल्या फ्रेम आणि कंपोझिटरच्या हुकलेल्या फ्रेम वेगवेगळ्या मोजल्या जातात, ते याचसाठी. पहिला आकडा वाढत असेल तर कार्यक्रम जड आहे. दुसरा वाढत असेल तर वापरकर्त्याला झटके प्रत्यक्ष जाणवत आहेत.

सिंगल-पासचा लाभ मोजताना स्पेसवॉर्प बंद ठेवणे आवश्यक असते. रिफ्टच्या प्रणालीत विकसकांसाठी Ctrl सोबत संख्याफलकावरील 1 दाबून ते बंद करण्याची आणि 4 दाबून पूर्ववत करण्याची सोय दिलेली होती. अन्यथा वरील उदाहरणातील १३ मिलिसेकंदांचा कार्यक्रम आपोआप ४५ वर बांधला जातो, सुधारणा करून तो १२ मिलिसेकंदांवर आणला तरी आकडा ४५ च राहतो, आणि केलेले काम वाया गेल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. फ्रेमची संख्या न पाहता प्रत्येक फ्रेमला लागलेले मिलिसेकंद पाहिल्यास ही फसगत टळते.

## नंतरचे बदल

२०१९ मध्ये स्पेसवॉर्पच्या दुसऱ्या आवृत्तीत खोलीच्या माहितीचा वापर सुरू झाला. २०२१ मध्ये क्वेस्ट हेडसेटसाठी ॲप्लिकेशन स्पेसवॉर्प आले; त्यात हालचालीचा अंदाज बांधण्याऐवजी कार्यक्रम स्वतःच प्रत्येक भागाची गती आणि खोली लहान आकाराच्या प्रतिमांत नोंदवून देतो. वस्तू कोठे जात आहे हे कार्यक्रमाला मुळातच ठाऊक असल्याने जाळी आणि कुंपण आता वितळत नाहीत. पारदर्शक वस्तूंचा प्रश्न मात्र तसाच राहतो : गतीच्या प्रतिमेत प्रत्येक पिक्सेलसाठी एकच गती लिहिता येते, मग ती काचेची लिहायची की काचेपलीकडील वस्तूची, हे कार्यक्रम लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते.